बुफेची लाईन कशी लावायची
प्लेट्स लाईनच्या अगदी सुरुवातीला ठेवा पण चमचे-नॅपकिन शेवटी, कारण आधीच हातात दिले तर लोकांना प्लेट धरून वाढून घ्यायला हातच उरत नाही आणि लाईन तिथेच अडते. मग सॅलड, ब्रेड, भात आणि त्यानंतर जड मेन डिश, कारण पहिले जे दिसतं तेच लोक भरभरून घेतात, म्हणजे मेन पुढे ठेवलं तर शेवटच्यांना ते पुरतच नाही. सॉस ज्या डिशचा त्याच्याच बाजूला हवा, नाहीतर माणसं उलटी फिरतात. गोड मात्र लाईनमध्ये नकोच, वेगळं टेबल लावा आणि तिथे छोट्या प्लेट्स वेगळ्या ठेवा, नाहीतर ग्रेव्हीच्याच प्लेटमध्ये केक जातो.