स्टॉक ऑप्शन घेतलाय? एक्स्पायरीआधी एवढं बघा

इंडेक्स ऑप्शनचा हिशेब रोखीत मिटतो. हे सगळं शेअरवरच्या ऑप्शनबद्दल आहे, कारण तिथे खरोखरच शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात.

लॉट किती, स्ट्राइक कोणता, एक्स्पायरी कधी हे तुम्हाला माहीत असेलच. आता स्ट्राइकला लॉटने गुणा आणि आकडा कागदावर लिहा. समजा 1500 चा कॉल आहे आणि लॉट 500 चा. म्हणजे साडेसात लाख. प्रीमियम कितीही किरकोळ दिलेला असो, जबाबदारी एवढी.

आता मुख्य गोष्ट: पोझिशन स्वतः विकून बाहेर पडा. शेअर 1502 ला बंद झाला तर ऑप्शन आपोआप एक्सरसाइज होतो, कुणी विचारत नाही. स्ट्राइकजवळच्या ऑप्शनसाठी पूर्वी ‘डू नॉट एक्सरसाइज’ची सोय होती, ती मार्च 2023 च्या एक्स्पायरीपासून बंद झाली. त्यामुळे विकणं हाच साधा मार्ग.

दोन रुपयांनी कमाई किती? हजार रुपये. खर्च बघा. डिलिव्हरीचा एसटीटी स्ट्राइकच्या किमतीवर 0.1 टक्के, म्हणजे 750. फिजिकल डिलिव्हरीची दलाली 0.25 टक्के धरली तर 1875, त्यावर 18 टक्के जीएसटी 337.50. एकूण 2962.50. प्रीमियम आणि मुद्रांक शुल्क बाजूला ठेवूनही जवळपास दोन हजारांचा तोटा, तोही ऑप्शन ‘फायद्यात’ असताना! तुमच्या ब्रोकरचा दर वेगळा असेल, तो आधीच शोधून ठेवा. नेहमीच्या ऑप्शन दलालीशी त्याची गल्लत करू नका.

‘शेअर 1498 वर आहे, ऑप्शन शून्यच होणार’ असं म्हणून सोडून देऊ नका. सेटलमेंट बंद भावावर होते आणि बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. स्क्रीनवर 1498 दिसत असताना बंद भाव 1501 निघू शकतो. म्हणून स्ट्राइकच्या आसपास असाल तर मिळेल त्या भावाला विका, पाच पैसे आले तरी. आणि दुपारी दोनच्या आत विका. उशीर झाला की खरेदीदार गायब होतात आणि बोली खऱ्या किमतीच्याही खाली जाते. बोलीच नसेल तर त्याच एक्स्पायरीचं, तेवढ्याच लॉटचं फ्युचर विकलं की कॉलची डिलिव्हरी त्यात वळती होते. त्यासाठी मार्जिन मात्र हवं.

एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून इन-द-मनी ऑप्शनवर डिलिव्हरी मार्जिन चढायला लागतं. पैसे कमी पडले तर ब्रोकर त्याच्या सोयीने पोझिशन कापतो.

पुट असेल तर शेअर डीमॅटमध्ये हवेत, नाहीतर ऑक्शन. स्प्रेड असेल तर दोन्ही पाय एकदम काढा. बंद भाव दोन स्ट्राइकच्या मधे आला तर एकच पाय एक्सरसाइज होतो.

शेवटी पोझिशन बुक उघडा आणि नग शून्य आहे ना बघा. ऑर्डर ‘पेंडिंग’ असेल तर विक्री झालेली नाही.