कंपोझिटचं कोटेशन पाठवताना या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर साडीच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन येतो. मॉडेलचा फोटो स्टुडिओत काढलाय, तिला वाड्याच्या चौकात उभं करायचं, भोवती पणत्या हव्यात. काम होर्डिंगचं आहे. किती घ्याल, कधी द्याल? फ्रीलान्स रिटचर घाईत लिहून मोकळा होतो: "₹१४,०००, एका आठवड्यात, दोन करेक्शन मोफत." पुढचे जवळजवळ सगळे वाद या एका ओळीतून निघतात.

पहिली चूक म्हणजे एकच गोळाबेरीज आकडा. समोरच्याला वाटतं, फोटो कापून दुसऱ्या फोटोवर चिकटवायचा, त्याचे चौदा हजार? म्हणून पत्रात कामाची फोड द्या. उदाहरणादाखल: केस आणि पदराच्या कडेसकट मॉडेलचा कटआउट ₹३,०००, वाड्याचा चौक आणि पणत्यांची मांडणी ₹३,५००, प्रकाश, सावल्या आणि रंग जुळवणं ₹५,५००, त्वचा आणि साडीची सफाई ₹२,०००. सर्वांत मोठा आकडा जुळवणीचा का, हेही एका वाक्यात सांगा: "स्टुडिओत प्रकाश डावीकडून, वरून आलाय, पणत्यांचा उजेड खालून आणि पिवळसर येणार, त्यामुळे साडीच्या निऱ्या, हात आणि हनुवटीखालचा भाग नव्याने रंगवावा लागेल." हे वाचल्यावर घासाघीस झाली तरी ती कामाबद्दल होते. वाड्याचा फोटो विकत घ्यावा लागणार असेल तर त्याच्या लायसन्सचे पैसे वेगळे, हेही इथेच लिहा.

सगळ्यात महागात पडते ती "दोन करेक्शन मोफत" ही ओळ. करेक्शन म्हणजे काय, हे त्यात कुठेच नाही. पणत्या थोड्या मंद करणं हेही करेक्शन आणि वाडा काढून देवळाच्या पायऱ्या टाकणं हेही करेक्शनच ठरतं. पार्श्वभूमी बदलली की कॅमेऱ्याची उंची बदलते, पायाखालची सावली नव्या फरशीवर पुन्हा पाडावी लागते. अंधाऱ्या चौकात लपलेली केसांची कड उजळ आकाशासमोर आली की तिच्याभोवती काळपट रेघ दिसू लागते, म्हणजे कटआउटचीही डागडुजी आली.

यावर उपाय एकच, करेक्शन टप्प्याला बांधायचं. आधी कच्चा प्रूफ द्यायचा: लहान आकाराचा, वॉटरमार्क असलेला, फक्त जागा, आकार, कोन आणि प्रकाशाची दिशा दाखवणारा. पत्रात असं लिहा:

"कच्च्या प्रूफवर एकदा बदल सुचवता येतील. मॉडेलची जागा, पार्श्वभूमी आणि पणत्यांची मांडणी तेव्हाच नक्की करू. तुमचा लेखी होकार आल्यावर बारीक काम सुरू होईल. फायनलवर दोनदा बदल करून देईन, पण ते रंग, उजेड आणि सफाईपुरते. नक्की झालेली पार्श्वभूमी किंवा मॉडेलचा फोटो बदलल्यास ते नवं काम धरलं जाईल. खर्च आधी कळवून, तुमच्या संमतीनेच करेन."

आता वरची फोड कामाला येते. होकारानंतर मालकीणबाईंना देवळाच्या पायऱ्या हव्याशा वाटल्या, तर मांडणी आणि जुळवणी पुन्हा, म्हणजे ₹९,००० अधिक. कडांच्या डागडुजीला वेगळे पैसे लावायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. मी ते जुळवणीतच धरतो.

बदल कोण कळवणार, तेही विचारून घ्या. मालकीणबाई सकाळी "उजेड वाढवा" म्हणतात, दुपारी मुलगा "कमी करा" म्हणतो, आणि दोन्ही फेऱ्या संपतात. सगळ्यांचं मत घेऊन एकाच माणसाने, एकाच यादीत कळवावं, अशी ओळ टाका.

मुदतीत चूक होते ती दिवस कुठून मोजायचे हे न सांगितल्याने. मोजणी पत्राच्या तारखेपासून नको, अॅडव्हान्स आणि सगळे मूळ फोटो हातात आल्यापासून करा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो, केसांची कड त्यात टिकत नाही. म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर मागा. प्रूफला तीन कामाचे दिवस आणि होकारानंतर चार, असं समजा. साहित्य सोमवारी संध्याकाळी आलं तर प्रूफ गुरुवारी जाईल. होकार त्याच दिवशी मिळाला तर, रविवार सोडून, फायनल मंगळवारी. होकार पुढच्या बुधवारी आला तर फायनल त्यानंतरच्या सोमवारी. दोन्ही तारखा पत्रात लिहून टाका. होर्डिंगवाल्याला कधी कळवायचं हे त्यांना आपोआप समजतं.

जे रिटचिंगने होणार नाही तेही काम घेण्याआधीच सांगा. मॉडेलचे पाय फोटोत कापले गेले असतील तर तिला चौकात पूर्ण उभं दाखवता येत नाही. अशा वेळी कठड्यामागे उभी करायची की फोटो पुन्हा काढायचा, हे त्यांनी ठरवावं.

शेवटी, फायनल म्हणून काय मिळेल ते लिहा: छपाईच्या मापाची सपाट फाइल, उरलेली अर्धी रक्कम जमा झाल्यावर. लेयरची फाइल हवी असेल तर तिची किंमत वेगळी, आणि ती हवी आहे का, हे आत्ताच विचारून घ्या.