वेटरचा पहिला आठवडा: आधी खुर्च्यांचे नंबर शिका

नवीन देशात वेटरचं काम मिळालं की सगळे मेनू पाठ करायला बसतात. मेनू कराच, पण त्याआधी टेबलांचा नकाशा मागून घ्या. पहिले दोन दिवस तुम्हाला जुन्या वेटरसोबत फिरवतील. तेवढ्यात टेबलांचे नंबर आणि प्रत्येक टेबलाची १ नंबरची खुर्ची कोणती, हे पक्कं करा. बऱ्याच ठिकाणी दाराकडची किंवा ठरलेल्या खुणेजवळची खुर्ची पहिली धरतात आणि पुढे घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात. तुमच्या हॉटेलची रीत विचारून घ्या.

समजा, १४ नंबरच्या टेबलावर चौघं आहेत. ऑर्डर घेण्याआधीच पॅडवर १ ते ४ आकडे घाला. बोलायला ३ नंबरने सुरुवात केली तरी त्यांचं ३ समोरच लिहायचं. १ ला सूप आणि मासा, २ ला सॅलड आणि मासा, ३ ला सूप आणि चिकन, ४ ला फक्त पास्ता. इथे ४ नंबरला लगेच विचारा, की पास्ता इतरांच्या स्टार्टरसोबत आणू की नंतर? हे राहून गेलं तर एक माणूस रिकाम्या टेबलाकडे बघत बसतो. मग पूर्ण ऑर्डर वाचून दाखवा. भाषा कच्ची असेल तर निम्म्या चुका इथेच सापडतात.

३ नंबर म्हणाले, ‘मला बदाम-अक्रोड चालत नाहीत.’ ॲलर्जी आहे की नुसतं आवडत नाही, हे स्पष्ट विचारा. ॲलर्जी असेल तर किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या तिकिटावर खुर्चीच्या नंबरासकट टाका आणि शेफला तोंडीही सांगा. माझ्या चौथ्या दिवशी मी ‘सॉसमध्ये बदाम नसतील’ असं अंदाजाने सांगून बसलो होतो. शेफने प्लेट पासवरच, म्हणजे किचनमधून तयार प्लेटा जिथे ठेवतात त्या काउंटरवरच थांबवली, कारण तो सॉस बदामाच्या पेस्टनेच दाट केलेला होता. तेव्हापासून मी एकच उत्तर देतो, ‘थांबा, किचनला विचारून सांगतो.’ प्लेटमध्ये चुकून बदाम आलेच, तर वरून काढून चालत नाही, नवी प्लेटच लागते. ती इतर प्लेटांबरोबर हातावर रचून नेऊ नका, वेगळी न्या.

प्लेट ठेवताना ‘मासा कोणाचा?’ विचारावं लागू नये, त्यासाठीच हे नंबर. ठेवल्यावर दोनेक मिनिटांनी, दोन घास झाले की एकदा चौकशी करा. फार उशिरा गेलात तर कच्चं राहिलेलं चिकन निम्मं खाऊन झालेलं असतं.

स्टार्टरच्या प्लेटा सगळ्यांचं झाल्याशिवाय उचलू नका. काटा आणि सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवलेली दिसली की त्यांचं झालं, असं बहुतेक ठिकाणी समजतात. शंका असेल तर हळूच विचारा. प्लेटा उचलल्या की किचनला पुढचे पदार्थ काढायला सांगा आणि जेवण येण्याआधी १ आणि २ समोर माशाची सुरी मांडा.