एक बिल, दोन पैसे : सीताबर्डीच्या काउंटरवर शिकलेलं

सीताबर्डीतल्या एका कपड्यांच्या दुकानात मी कॅशियर म्हणून लागले, तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळं नीट चाललं. रोख घेणं जमलं, कार्ड जमलं, फोनवरून येणारे पैसेही जमले. अडले ते एका साध्या वाक्यापाशी : "ताई, थोडे वॉलेटमधून घ्या आणि बाकीचे कार्डावर." काउंटरवर नव्याने बसणाऱ्या मुलामुलींना हे वाक्य रोज ऐकावं लागतं, पण ट्रेनिंगमध्ये ते दोन मिनिटांत उरकतात. म्हणून एवढ्याच एका गोष्टीबद्दल लिहितेय.

सगळ्यात आधी, बिल फोडायचं नाही. नव्या माणसाला वाटतं, दीड हजाराचे कपडे एका बिलावर वॉलेटने घ्यावे आणि उरलेले दुसऱ्या बिलावर कार्डाने. पण कपड्यांच्या किमती ग्राहकाच्या शिलकीप्रमाणे थोड्याच असतात? शिवाय तीन हजारांच्या वर सूट असली तर दोन तुकड्यांत ती मिळणारच नाही आणि ग्राहकाचं नुकसान होईल. बिल एकच राहतं, जीएसटी त्या एका बिलावरच लागतो. फक्त पैसे घ्यायच्या पडद्यावर दोन नोंदी करायच्या. एक रक्कम टाकून वॉलेटचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर उरलेला आकडा दाखवतं. मग त्या उरलेल्या आकड्यावर कार्डाचं बटण. बाकी शून्य झाल्याशिवाय बिल छापलं जात नाही.

आता आधी काय घ्यायचं? आमच्या मोठ्या ताईंनी मला एकच गोष्ट सांगितली होती : "ज्याचा आकडा कच्चा, ते आधी." कार्डावर ग्राहक म्हणाल ती रक्कम देऊ शकतो, वॉलेटमध्ये मात्र जेवढे आहेत तेवढेच. आणि ते किती आहेत हे ग्राहकाला बहुतेक वेळा अंदाजाने माहीत असतं. म्हणून त्याला आधी ॲप उघडून शिल्लक बघायला लावायची, ती वॉलेटमधून घ्यायची, पैसे आल्याची खात्री करायची आणि मग उरलेलं कार्डावर. उलटं केलंत तर कार्ड होऊन गेल्यावर कळतं की वॉलेटमध्ये चौदा रुपये कमी आहेत, आणि मग चौदा रुपयांसाठी तिसरी नोंद करावी लागते.

"वॉलेट" हा शब्दही एकदा तपासून घ्या. फोन पुढे केला की लोक सर्रास वॉलेट म्हणतात, पण पैसे पुष्कळदा यूपीआयने थेट बँकेच्या खात्यातून येतात. एकाच ॲपमध्ये दोन्ही सोयी असतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींची बटणं वेगळी आहेत, म्हणून मी विचारते, "काकाजी, वॉलेटमधले देता की बँकेतले?" ग्राहकाच्या फोनवर पैसे कुठून गेले ते लिहिलेलं असतं, तेही बघून घेते.

मला हे सगळं ज्या दिवशी पक्कं कळलं तो पोळ्याचा आदला दिवस होता. तान्ह्या पोळ्यासाठी लेकरांचे कपडे घ्यायला अर्धं नागपूर बर्डीवर उतरलेलं. एक जोडपं आलं, बिल झालं ३,८४७ रुपयांचं. भाऊ म्हणाले, "वॉलेटमध्ये दीड हजार पडले आहेत, ते घेऊन टाका जी." ॲप उघडलं तर १,४८६ होते. ते घेतले, आमच्याकडे आल्याचं दिसलं, नोंद केली. सॉफ्टवेअरने बाकी २,३६१ दाखवली.

चूक इथून पुढे झाली. आमचं स्वाइप मशीन सॉफ्टवेअरला जोडलेलं नाही. कार्डाचा आकडा मशीनवर आपण हाताने टाकायचा. पडद्यावर वर मोठ्या अक्षरात एकूण बिल दिसत होतं आणि खाली बारीक अक्षरात बाकी. मागे रांग, शेजारच्या काउंटरवर कोणाचं तरी हँगर पडलेलं, आणि मी मशीनवर ३,८४७ टाकले. भाऊंनी कार्ड नुसतं टेकवलं. टेकवून होणाऱ्या व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे पिन टाकताना पडद्यावरचा आकडा वाचायची जी एक वेळ मिळते तीही मिळाली नाही. मशीन वाजलं, पावती निघाली, मी सॉफ्टवेअरमध्ये २,३६१ कार्ड म्हणून टाकले आणि बिल छापलं. सॉफ्टवेअरला मशीनवर काय झालं याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं बरोबर.

पकडलं ते ताईंनी. पावती बिलाला स्टेपल करताना त्या दोन्ही कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून बघतात. बिलावर कार्ड २,३६१, पावतीवर ३,८४७. जोडपं दारापर्यंत गेलं होतं. ताईंनी हाक मारली, "भाऊ, जरा थांबा जी, तुमचे पैसे जास्तीचे गेले."

वरचे १,४८६ रोख देऊन टाकावे असं मला वाटलं होतं. ताईंनी ते करू दिलं नाही. कार्डावर आलेल्या पैशाचे रोख परत केले की गल्ला कमी पडतो आणि मशीनवर जास्त दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला काही आठवत नाही. योग्य रस्ता म्हणजे तो कार्डाचा व्यवहार रद्द करणं. मशीनमध्ये त्याला VOID म्हणतात. त्यासाठी पावतीवरचा इन्व्हॉइस नंबर लागतो, आणि रद्द होतो तो पूर्ण व्यवहार, त्यातला तुकडा नाही. दुसरी अट वेळेची. दिवसाच्या शेवटी मशीनची बॅच सेटल केली, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे पाठवले, की VOID चालत नाही. मग परतावा बँकेमार्फत पाठवावा लागतो आणि ग्राहकाला थांबावं लागतं. म्हणून पावती ग्राहक समोर असताना वाचायची.

व्यवहार रद्द झाला, रद्द झाल्याची वेगळी पावती निघाली. आता २,३६१ नव्याने घ्यायचे, तर कार्ड नाकारलं गेलं. भाऊंच्या खात्यात चार हजारांच्या आसपासच होते. मशीनवर रद्द झालं तरी डेबिट कार्डाचे पैसे खात्यात लगेच दिसतीलच असं नसतं. काही बँकांत मिनिटांत येतात, काहींत दिवस लागतात. भाऊंचा चेहरा उतरला. ते स्वाभाविकच होतं, त्यांच्या फोनवर ३,८४७ गेल्याचा मेसेज होता आणि आम्ही पुन्हा पैसे मागत होतो. ताईंनी त्यांना रद्द झालेली पावती दिली, त्यावरचा आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर, पेनाने गोल करून दाखवला आणि सांगितलं की बँकेत विचारायची वेळ आली तर हाच नंबर सांगायचा. २,३६१ त्यांच्या पत्नीच्या कार्डावर घेतले, या वेळी कार्ड मशीनमध्ये घालून, पिन टाकून. तिसऱ्या दिवशी भाऊंनी दुकानात फोन करून पैसे परत आल्याचं कळवलं. त्यांनी फोन केला याचं मला अजून बरं वाटतं.

तेव्हापासून दोन नोंदींचं बिल असलं की मी मशीन ग्राहकाकडे वळवते आणि आकडा मोठ्याने म्हणते, "दोन हजार तीनशे एकसष्ट, बरोबर?" कार्ड टेकवू न देता घालायला सांगते. वीस सेकंद जास्त जातात.

वॉलेटचं दुखणं वेगळं आहे. तिथे आकडा चुकत नाही, व्यवहार अधांतरी राहतो. ग्राहकाच्या फोनवर पैसे कटले, आपल्याकडे काही वाजलं नाही. अशा वेळी ग्राहकाच्या फोनचा पडदा बघून बिल छापायचं नाही आणि लगेच दुसऱ्यांदा स्कॅनही करायला लावायचं नाही. आपल्या बाजूच्या ॲपमध्ये तो व्यवहार शोधून त्याची स्थिती बघायची, बिल होल्डवर ठेवून पुढचा ग्राहक घ्यायचा. पाच-दहा मिनिटांतही काही कळलं नाही तर ती रक्कम दुसऱ्या मार्गाने घ्यावी लागते. ग्राहक चिडतो, आणि त्याला नेमकं सांगता आलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानाला खात्री न मिळालेला पैसा आपोआप परत जायला हवा : वॉलेट कंपनीच्या स्वतःच्याच व्यवस्थेतला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, यूपीआय किंवा कार्डाचा असेल तर व्यवहारानंतर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे मी लिहूनच ठेवलंय काउंटरखाली.

रात्री हिशेब जुळवताना दोन नोंदींची बिलं पुन्हा भेटतात. सॉफ्टवेअरचं कार्ड आणि मशीनचं सेटलमेंट, सॉफ्टवेअरचं वॉलेट आणि वॉलेटचा अहवाल, असे दोन-दोन आकडे शेजारी मांडायचे. एकदा माझ्याकडे सॉफ्टवेअरमध्ये कार्ड ४८,२१० आणि मशीनवर ४७,५७० आले. ६४० कमी. वॉलेटमध्ये सॉफ्टवेअरला ९,३१५ आणि अहवालात ९,९५५. इथे ६४० जास्त. एका बाजूला जेवढे कमी तेवढेच दुसऱ्या बाजूला जास्त असले तर पैसे कुठे गेलेले नाहीत, फक्त बटण चुकलं आहे. ६४० ची नोंद असलेलं बिल शोधायचं, नोंद बदलून घ्यायची, झालं.

फरक एकाच बाजूला असला तर मात्र काळजी करा. पोळ्याच्या त्या दिवशी ताईंनी पकडलं नसतं तर रात्री मशीनवर १,४८६ जास्त आले असते आणि वॉलेट अगदी बरोबर जुळलं असतं. तेव्हा दिवसभरात वॉलेटने नेमके १,४८६ कोणत्या बिलावर आले ते बघायचं. दोन नोंदींच्या बिलावर कार्डाला पूर्ण रक्कम लागली की जास्तीचा आकडा हा वॉलेटच्या आकड्याएवढाच असतो, आणि त्यावरून ते बिल सापडतं. बॅच सेटल करायच्या आधी हे जुळवलं तर VOID अजून हातात असतं.

राहिलं परत आलेल्या मालाचं. समजा त्याच बिलातला २,५९९ चा ड्रेस परत आला. ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जायचे, आणि आले त्यापेक्षा जास्त त्या मार्गाने पाठवायचे नाहीत. कार्डावर आले होते २,३६१, म्हणजे कार्डावर जास्तीत जास्त तेवढेच. उरलेले २३८ वॉलेटमध्ये. आमच्या दुकानात आधी कार्ड, मग वॉलेट असा क्रम आहे. तुमच्याकडे उलटा असू शकतो, रुजू व्हाल त्या दिवशीच विचारून घ्या. आणि ग्राहकाला मूळ बिल आणायला सांगताना कार्डाची पावतीही आणायला सांगा. तो थर्मल कागद उन्हात, पाकिटात काही आठवड्यांत पुसट होतो, म्हणून मी इन्व्हॉइस नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बिलाच्या मागे पेनाने लिहून देते.