सात पॉइंट अकरा ग्रॅम: इलेक्ट्रोलिसिसचे पेपर पहिल्यांदा तपासणाऱ्यांसाठी

दादरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या टेस्ट सिरीजचे पेपर तपासायला लागलो तेव्हा माझी एमएस्सी नुकतीच झाली होती. केमिस्ट्री येते, मग तपासणीत काय अवघड, असा माझा तोरा होता. पहिल्याच गठ्ठ्यात तो उतरला. आता नव्या मुलांना गठ्ठे वाटायचं काम माझ्याकडे आहे आणि दर वर्षी तीच चूक नव्या हाताने झालेली बघतो, म्हणून लिहून ठेवतोय. बेसिक तुम्हाला येतं असं धरून चालतो.

प्रश्न साधा होता. प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, 1 M CuSO4 चं द्रावण, 1.5 अँपिअर प्रवाह 2 तास. कॅथोड आणि ॲनोडवरच्या अभिक्रिया लिहा, किती तांबं जमा होईल ते काढा आणि सेलचं E° काढा. तांब्याचं 0.34 व्होल्ट आणि ऑक्सिजन-पाण्याचं 1.23 व्होल्ट प्रश्नातच दिलेलं. पाच मार्क: दोन अभिक्रियांना एकेक, इलेक्ट्रॉनचे मोल काढण्याला एक, वस्तुमानाला एक, E° ला एक.

उत्तरसूची अशी. प्रभार 1.5 गुणिले 7200 म्हणजे 10800 कूलोम. त्याला 96500 ने भागलं की 0.1119 मोल इलेक्ट्रॉन. कॅथोडवर Cu²⁺ + 2e⁻ → Cu, म्हणून तांबं त्याच्या निम्मे मोल, गुणिले 63.5, उत्तर 3.55 ग्रॅम. ॲनोडवर 2H₂O → O₂ + 4H⁺ + 4e⁻. E° म्हणजे 0.34 वजा 1.23, उणे 0.89 व्होल्ट. कुणी 63.55 धरतं, कुणी 96485, वर मुलं लॉग टेबल वापरतात, त्यामुळे 3.55 काय आणि 3.56 काय, दोन्ही बरोबर. तिथे लाल पेन उचलू नका.

त्या गठ्ठ्यातल्या एका मुलीने कॅथोडवर Cu²⁺ + e⁻ → Cu लिहिलं होतं. एकच इलेक्ट्रॉन. प्रभार तोलला गेलेला नाही, म्हणजे अभिक्रिया चूक, यात वाद नाही. पुढे तिने 0.1119 मोल बरोबर काढले, 63.5 ने गुणलं आणि 7.11 ग्रॅम लिहिलं. E° उणे 0.89. मी अभिक्रियेवर फुली मारली, 7.11 वर फुली मारली, आणि मुळातच n चुकलाय तर व्होल्टेज कसलं बरोबर, म्हणून तिथेही फुली. पाचपैकी दोन.

पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली. भांडली नाही, फक्त विचारलं, "सर, एकाच चुकीचे तीनदा मार्क का गेले?" मी म्हटलं, "समीकरणच चुकलं तर पुढचं सगळं चुकणारच ना." शेजारी आमच्या वरिष्ठ मॅडम चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी पेपर मागून घेतला आणि तिच्यासमोरच मला म्हणाल्या, "अरे, पुढचं सगळं चुकलंय कुठे? दाखव बरं." कान लाल झाले. आजही ती ओळ आठवली की होतात.

हीच ती गोम, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

वस्तुमान हे इलेक्ट्रॉनच्या संख्येवर अवलंबून असतं. तिने एक इलेक्ट्रॉन धरला होता आणि तिच्या समीकरणाप्रमाणे एक मोल इलेक्ट्रॉनला एक मोल तांबं, म्हणजे 7.11 हेच तिचं उत्तर यायला हवं होतं. पद्धत शाबूत आहे. तिने 3.55 लिहिलं असतं तरच मी खरं म्हणजे संशय घ्यायला हवा होता. आणि E° तर इलेक्ट्रॉनच्या संख्येवर अवलंबूनच नाही. समीकरण दुप्पट केलं की ΔG° दुप्पट होतं आणि n ही दुप्पट होतो, ΔG° = −nFE° मध्ये दोघं एकमेकांना खातात, E° जागच्या जागी राहतं. रिमोटमधला पेन्सिल सेल आणि टॉर्चमधला जाडा सेल, दोन्ही 1.5 व्होल्टचेच, जाड्यात माल जास्त असतो एवढंच. तेव्हा तिचे उणे 0.89 शंभर टक्के बरोबर होते. एक मार्क जायला हवा होता, मी तीन घेतले. मॅडमनी खोडून पाचपैकी चार केले आणि शेजारी सही करायला मलाच लावलं.

म्हणून पेपर तपासताना मुलाचा मोल रेशो उत्तरसूचीशी जुळवू नका, त्याच्या स्वतःच्या समीकरणाशी जुळवा. जुळला तर पुढचे मार्क द्या, उत्तर कितीही विचित्र दिसो. नाही जुळला तर मात्र देऊ नका, उत्तर कितीही गोड दिसो.

हे दुसरं वाक्य मी पुढच्याच आठवड्यात विसरलो. जरा जास्तच उदार झालो होतो. एका मुलाने तेच Cu²⁺ + e⁻ → Cu लिहिलं होतं आणि खाली थेट m = ZIt, उत्तर 3.55. मी पाचपैकी पाच देऊन मोकळा. त्याने Z पाठ केला होता, त्यात 2 ने भागणं आधीच दडलेलं. समीकरण आणि आकडेमोड यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. वस्तुमानाचा मार्क त्याला द्या, हवं तर, कारण सूत्र चालतं. पण अभिक्रियेचा मार्क उत्तर बघून वर चढत नाही. Z आणि इक्विव्हॅलंट वेट पाठ करून घेणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहे तो इथूनच. मुलाला 3.55 येतं, पण क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम आलं की तीन इलेक्ट्रॉन कुठून आले ते सांगता येत नाही.

आता चुकीचे आकडे ओळखायला शिका, कारण आकडाच बहुतेक वेळा चूक सांगतो. 7.11 दिसलं की दुप्पट झालंय, म्हणजे 2 ने भागलेलं नाही. पण ते दोन वाटांनी येतं. त्या मुलीसारखं समीकरणच एका इलेक्ट्रॉनचं असेल, किंवा समीकरण दोन इलेक्ट्रॉनचं नीट लिहून हिशेबात भागायला विसरलं असेल. पहिल्यात अभिक्रियेचा मार्क जातो आणि वस्तुमानाचा राहतो, दुसऱ्यात बरोबर उलटं. दोघांनाही चारच मिळतात, म्हणून नवे लोक म्हणतात की काय फरक पडतो. फरक असा पडतो की फुली चुकीच्या ओळीवर बसली तर मुलगा चुकीची गोष्ट पाठ करत बसतो.

1.78 आणखी लबाड आहे. हे निम्मं. एकूण अभिक्रिया तोलताना मुलं कॅथोडची ओळ दोनने गुणतात, 2Cu²⁺ + 4e⁻ → 2Cu, ते योग्यच आहे. मग चार इलेक्ट्रॉन लक्षात राहतात आणि दोन तांबं विसरतात. रेशो 2/4 ऐवजी 1/4 होतो. याच मुलांच्या E° कडे बघा, तिथे बरेचदा उणे 0.55 सापडतं. 0.34 लाही दोनने गुणून 0.68 केलेलं असतं. ही वेगळी चूक आहे, आधीच्या चुकीची सावली नाही, त्यामुळे तिथे मार्क कापायलाच हवा. पण 1.78 दुसरीकडूनही येतं: 63.5 चं निम्मं 31.75 हे इक्विव्हॅलंट वेट घेतलं आणि वर पुन्हा 2 ने भागलं. आणि ज्याने 4 लिहून 2/4 नीट धरलंय त्याचं उत्तर 3.55 च येतं. तिथे 4 दिसला म्हणून दचकून फुली मारणारे मी पाहिलेत. मीही मारलीय.

0.059 ग्रॅम आलं तर तो इलेक्ट्रॉनचा विषयच नाही. तास मिनिटांत आणले आणि सेकंदात आणायचे राहिले. मोलच्या पायरीचा मार्क काप, पुढचा दे, पुढे सरक.

E° च्या चिन्हाबद्दल माझं मत कडक आहे. सेलचं E° विचारलंय आणि मुलाने अधिक 0.89 लिहिलं तर मार्क नाही, कारण ती अभिक्रिया आपोआप होत नाही हेच तर उणे सांगतं. पण "बाहेरून किमान 0.89 व्होल्ट द्यावे लागतील" असं वाक्य लिहिलं असेल तर मी मार्क देतो, त्याला कळलंय. प्रत्यक्षात प्लॅटिनमवर ऑक्सिजन सुटायला त्याहून जास्तच लागतात, तेही एखादा लिहितो. अशा पोराला मार्क जास्त देता येत नाही, पण समासात एक बरोबरची खूण काढावी.

घाबरू नका, दहा-पंधरा पेपरांत हे आकडे डोळ्यांत बसतात. फक्त एक प्रश्न धरून सगळा गठ्ठा तपासा, मग दुसरा प्रश्न. आणि लोकलमध्ये तपासू नका. कल्याण फास्टमध्ये विंडो सीट मिळाली म्हणून मी तेही केलंय. घाटकोपरनंतर मायनसचं चिन्ह दिसत नाही.

एका गोष्टीवर मॅडमचं आणि माझं अजून जमत नाही. काही मुलं प्लॅटिनमच्या ॲनोडवर Cu → Cu²⁺ + 2e⁻ लिहितात. तिथे विरघळायला तांबंच नाही, तेव्हा ॲनोडचा मार्क गेला. कॅथोडवरचं वस्तुमान तेच 3.55, त्याला धक्का लागत नाही. मग E° मात्र 0.34 वजा 0.34, शून्य. स्वतःच्या समीकरणाशी इमानदार आहे, म्हणून मार्क द्या, असं मॅडम म्हणतात. मी म्हणतो, प्रश्नात 1.23 दिलंय, ते न वापरता शून्य आलं तर पोराने एकदा तरी थांबायला हवं होतं. परवाच्या गठ्ठ्यात असे चार पेपर निघाले. त्यांचे E° चे रकाने रिकामे ठेवून मॅडमच्या टेबलावर ठेवलेत.