‘बिल डबल पडतं, कधी कधी’

तक्रारीचं तिकीट एवढंच होतं: ‘बिल डबल पडतं. कधी कधी. लवकर बघा.’ पाठवणाऱ्या ताई दिवाडी बेटावर घरगुती खानावळ आणि दोन खोल्यांचं होमस्टे चालवतात. मी पणजीत पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. आमचं बिलिंगचं अ‍ॅप त्या वापरतात. सपोर्टमध्ये नव्याने आलेल्यांना मी हेच तिकीट सांगतो, कारण ते सुटायला लॉग, व्हर्जन आणि खात्याची स्थिती या तिन्ही गोष्टी लागल्या. एक जरी राहिली असती तरी ‘आमच्याकडे होत नाही’ असं लिहून मी ते बंद केलं असतं.

मी फोन केला. ‘नेमकं काय होतं?’ असं विचारलं की माणूस पुन्हा तेच वाक्य सांगतो, म्हणून मी विचारलं, ‘ताई, शेवटचं डबल बिल कुठलं? दोन्ही नंबर वाचून दाखवता?’ त्यांनी रिपोर्ट उघडला आणि पहिल्यांदाच काहीतरी हाताला लागलं. गिऱ्हाइकाला दोनदा पैसे पडत नव्हते. छापील बिल एकच निघत होतं. रात्री हिशेब करताना गल्ल्यातली रोकड रिपोर्टपेक्षा कमी भरायची, तेव्हा शोधताना एकाच रकमेची लागोपाठ दोन बिलं दिसायची. म्हणजे दोष छपाईत नव्हता, नोंद दोनदा होत होती.

पण ते बिल आठवड्यापूर्वीचं होतं आणि आमचं अ‍ॅप टॅबलेटवर फक्त तीन दिवसांचा लॉग ठेवतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये दोन्ही नोंदी यशस्वी दिसत होत्या, तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं, ‘पुढच्या वेळी झालं की अ‍ॅप बंद करू नका, सेटिंगमधलं “लॉग पाठवा” दाबा आणि बिलाचे दोन्ही नंबर मला कळवा.’ चौथ्या दिवशी, भर पावसाच्या रात्री, ते आलं. टॅबलेटचा लॉग असा:

```
21:14:07 POST /bills start
21:14:22 timeout 15000ms, retry 1
21:14:23 201 id=1188
```

आणि सर्व्हरचा असा:

```
15:44:09Z POST /bills app=5.3.1 201 id=1187
15:44:23Z POST /bills app=5.3.1 201 id=1188
```

वेळा जुळवताना लक्षात ठेवा, सर्व्हर यूटीसीमध्ये लिहितो. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे १५:४४ म्हणजे रात्रीचे ९:१४. टॅबलेटचं घड्याळ मागेपुढे असू शकतं, म्हणून मी ताईंना त्याच्यावरची वेळ वाचायला लावून माझ्या फोनशी ताडून घेतली. आता दोन्ही लॉग शेजारी ठेवा. सर्व्हर म्हणतो, पहिलं बिल ११८७ मी नोंदवलं. टॅबलेट म्हणतो, मला पंधरा सेकंदांत उत्तरच आलं नाही, म्हणून मी पुन्हा पाठवलं. दोघंही खरं बोलत होते. निरोप पोचला होता, पोचपावती वाटेत हरवली होती. एकच लॉग पाहिला असता तर हे कधीच कळलं नसतं.

व्हर्जन विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, ‘सगळीकडे नवीनच आहे, पोराने अपडेट केलंय.’ हे उत्तर कधी तिकिटात लिहू नका. ‘अ‍ॅपविषयी’ पानाचा स्क्रीनशॉट मागा आणि सर्व्हरच्या लॉगमधल्या व्हर्जनशी ताडा. गल्ल्यावरच्या टॅबलेटवर 5.3.1 होतं, पण व्हरांड्यात ऑर्डर घेणाऱ्या मुलाच्या फोनवर 5.1.0. डबल झालेली सगळी बिलं टॅबलेटची, फोनचं एकही नाही. दोन्ही यंत्रं एकाच घरात, एकाच वायफायवर. बदलांची यादी पाहिली तर 5.3 पासून अ‍ॅप वेळ संपली की आपोआप पुन्हा पाठवू लागलं होतं.

मग ऑफिसात करून बघायला बसलो. आधी मी एअरप्लेन मोड लावला. बिल रांगेत थांबलं, नेट आल्यावर गेलं, एकच नोंद झाली. इथे बरेच जण फसतात. नेट नसणं वेगळं आणि उत्तर उशिरा येणं वेगळं. नेट नसेल तर विनंती सर्व्हरपर्यंत जातच नाही, मग नोंद दोनदा होणार कशी? आपल्याला विनंती पोचू द्यायची होती आणि फक्त उत्तर अडवायचं होतं. त्यासाठी अ‍ॅप आणि सर्व्हरच्या मधे `mitmproxy` हा प्रॉक्सी बसवला आणि पहिलं उत्तर २० सेकंद धरून ठेवलं:

```python
import asyncio
first = True

async def response(flow):
    global first
    if first and flow.request.path == "/bills":
        first = False
        await asyncio.sleep(20)
```

फक्त पहिलंच अडवलं, कारण सगळी अडवली तर अ‍ॅप पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि चित्र बिघडतं. अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स `mitmproxy`साठी आपण टाकलेलं सर्टिफिकेट सहसा मानत नाहीत, तेव्हा हे चाचणीसाठी बनवलेल्या बिल्डवर करावं लागतं.

चालवलं. लॉग सुरुवातीला हुबेहूब ताईंसारखा आला, पंधरा सेकंदांनी पुन्हा पाठवणंही झालं. पण बिल एकच! दुसऱ्या विनंतीला सर्व्हरने `409` दिला होता, म्हणजे हा नंबर आधीच आहे.

उरलं होतं खातं. ताईंच्या आणि आमच्या चाचणी खात्याच्या सेटिंग्ज मी ओळीने लावून बघितल्या. फरक सात-आठ ठिकाणी होता, त्यातला कामाचा एकच. आमच्या खात्यात बिलाचा नंबर यंत्रच देतं. तीच विनंती पुन्हा गेली तर नंबर तोच राहतो आणि सर्व्हर ती नाकारतो. ताईंकडे दोन यंत्रं, म्हणून नंबर आपसांत भिडू नयेत यासाठी ‘नंबर सर्व्हरने द्यावा’ हा पर्याय चालू होता. मग प्रत्येक विनंती सर्व्हरला नवंच बिल वाटणार. मी चाचणी खात्यात फक्त हे सेटिंग बदललं. ताईंचा डेटा मुळीच उचलला नाही, त्यात पाहुण्यांचे फोन नंबर असतात आणि बग दाखवायला ते लागतही नाहीत. या वेळी दोन बिलं पडली.

एकदा झालं म्हणून थांबू नका. मी एकेक गोष्ट बदलून प्रत्येक प्रकार पाच वेळा चालवला. 5.1.0 टाकलं, एकच बिल. नंबर यंत्राने दिला, एकच. उत्तर वेळेत सोडलं, एकच. तिन्ही अटी जुळल्या की पाचही वेळा दोन. ‘कधी कधी’चा अर्थ आता समजला. दोन अटी ताईंकडे कायम होत्या, तिसरी पावसात नेट रडायला लागलं की पुरी व्हायची.

डेव्हलपरकडे जाणाऱ्या तिकिटाचं शीर्षक मी बदललं: ‘5.3.1, नंबर सर्व्हरकडून, उत्तर १५ सेकंदांच्या पुढे: एकाच विक्रीची दोन बिलं, ५ पैकी ५ वेळा’. खाली दोन्ही लॉग, सेटिंगचं नाव आणि वरचा कोड. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दुरुस्ती अशी ठरली की अ‍ॅपने प्रत्येक विक्रीला स्वतःची एक खूण द्यायची, पुन्हा पाठवताना तीच पाठवायची आणि सर्व्हरने ती ओळखून जुनंच उत्तर परत द्यायचं.

ती येईपर्यंत ताईंचं काय? नंबराचं सेटिंग बदलायला सांगितलं असतं तर दोन यंत्रांचे नंबर भिडले असते. म्हणून त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, ‘ताई, नवी आवृत्ती येईस्तोवर बिलं त्या मुलाच्या फोनवरूनच करा, आणि तो फोन अपडेट मात्र करू नका.’

‘आणि आधीची डबल बिलं?’ त्यांनी विचारलं. सर्व्हरच्या लॉगवरून काढलेली नऊ बिलांची यादी माझ्यासमोरच होती. एकेक नंबर मी वाचत गेलो आणि त्या रद्द करत गेल्या.