बॅडमिंटन कोर्टाच्या वेळा: सोसायटीला दिलेलं पत्र

"मुलांना खेळायला मिळत नाही" एवढंच लिहिलं की अर्ज फायलीत पडून राहतो. सचिवांच्या नावे दिलेल्या पत्रात थेट ठरावाचा मजकूरच लिहिला:

"रोज संध्याकाळी ५ ते ७ कोर्ट १६ वर्षांखालील मुलांसाठी आणि ७ ते १० प्रौढांसाठी राखीव असावं. राखीव गटाचं कोणी १० मिनिटांत आलं नाही, तर हजर असलेल्यांनी खेळावं. हा विषय पुढच्या कमिटी मीटिंगच्या अजेंड्यावर घ्यावा. वेळा महिनाभर प्रायोगिक ठेवाव्यात."

त्यातलं १० मिनिटांचं वाक्य गाळू नका. नाहीतर कोर्ट रिकामं आणि बाहेर चौघं रॅकेट घेऊन ताटकळत, हे दृश्य ठरलेलं. ७ वाजता अर्धवट गेमवरूनच भांडण होतं, म्हणून "६:४० नंतर नवा गेम नाही" हेही घातलं. डबल्सचा २१ गुणांचा गेम साधारण १५-२० मिनिटं चालतो. माणसं जास्त असतील तर एकच गेम खेळून उतरायचं.

रात्री १० ची मर्यादा कोर्टाला लागून असलेल्या फ्लॅटवाल्यांसाठी. त्यांच्या सह्या आधी घेतल्या. विरोध बहुधा तिथूनच येतो. दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायचीच.